एक ओळ म्हणजे काय?

नोव्हेंबर 2023 मधलं माझं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. त्यातला कामाचा मजकूर एवढाच: 'आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत टँकरने पाणीपुरवठा झालेल्या गावांची माहिती तात्काळ सादर करावी.' खाली साहेबांची सही, जावक क्रमांक, 'प्रत माहितीस्तव' आणि नऊ तहसीलदारांची नावं. मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात सांख्यिकीचं काम बघतो. ही माहिती महसूलच्या टंचाई शाखेत असते, म्हणून पत्र तिकडे गेलं. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातला एक, एवढं पुरे.

कशासाठी हवं होतं, ते साधं होतं. कुठल्या गावांना वर्षाआड टँकर लागतो आणि कुठं तो एखाद्याच वाईट सालात लागला, हे वेगळं करायचं होतं. पहिल्या प्रकारच्या गावांत पाण्याचा उद्भव, म्हणजे मूळ स्रोतच, कमकुवत असतो, म्हणून बळकटीकरणाच्या यादीत ती आधी घ्यायची. पण हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं. आपल्याला माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, असं धरून चाललो होतो.

महिनाभरात, दोन स्मरणपत्रांनंतर, सात तालुक्यांकडून काहीतरी आलं. तिघांनी स्कॅन केलेली पीडीएफ पाठवली, त्यातल्या एकीत पानं उलटी. दोघांनी एक्सेल पाठवली, पण त्यातली एक जुन्या फॉन्टमधली. माझ्या संगणकावर गावांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. एकाने फक्त संख्या दिली: 2019 मध्ये इतकी गावं, इतके टँकर. एका तालुक्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'निरंक'. आणि हा तालुका डोंगरपट्ट्यातला, जिथं 2019 च्या उन्हाळ्यात मी स्वतः टँकरमागे धावणाऱ्या बाया बघितल्या होत्या!

पहिला राग अर्थातच त्यांच्यावर आला. लोक काम करत नाहीत, वगैरे. मग निरंकवाल्या तहसीलला फोन केला. टंचाईचं टेबल बघणारे अव्वल कारकून शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं पत्र नोव्हेंबरचं. गेली पाच वर्षं म्हणजे कुठली? आमच्याकडं मागचं रेकॉर्ड काढायला माणूस नाही, सगळे कुणबी नोंदी शोधायलेत. आज टँकर चालू नाही, म्हणून निरंक लिहिलं."

त्यांचं खोटं नव्हतं. मराठवाड्यातल्या तहसील कार्यालयांत त्या दिवसांत निजामकाळातल्या जुन्या नोंदी चाळण्याचं काम चालू होतं. अभिलेख कक्षात दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि माझं पत्र 'तात्काळ' होतं. सरकारी टपालात तात्काळ नसलेलं पत्र मी तरी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्या शब्दाला कुणी भीक घालत नाही.

मी त्यांना विचारलं, एकदा येऊन बसू का? ते म्हणाले, "या की. पण सर्व्हे संपू द्या." मागासवर्ग आयोगाचं घरोघरचं सर्वेक्षण 2 फेब्रुवारीला संपलं. पण तेवढं थांबायला मला धीर नव्हता. जानेवारीच्याच एका शनिवारी, कार्यालय बंद असताना, ते चावी घेऊन आले आणि आम्ही दोघं टंचाईच्या नस्त्या उघडून बसलो. पुढचं जे काही जमलं ते त्या चार तासांमुळे.

पहिला गोंधळ 'वर्ष' या शब्दाचा निघाला. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून असा असतो, तीन टप्प्यांत: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. टँकरचे आदेश त्याच हिशोबाने निघतात. पण खर्चाची नस्ती आर्थिक वर्षाची. म्हणजे 2019 चा एकच उन्हाळा खर्चाच्या नोंदीत दोन ठिकाणी तुटतो: मार्चपर्यंतचा 2018-19 मध्ये आणि एप्रिल, मे, जून 2019-20 मध्ये. सात तालुक्यांपैकी दोघांनी खर्चाची नस्ती पुढे ठेवून माहिती भरली होती. त्यांच्या कागदात 2019-20 हे मोठ्या दुष्काळाचं वर्ष दिसत होतं, बाकीच्यांच्या कागदात 2018-19. मी ते तसंच एकत्र केलं असतं, तर त्या दोन तालुक्यांतल्या गावांना सलग दोन वर्षं टँकर लागला असं निघालं असतं. म्हणजे माझ्या यादीत ती चुकून वरती आली असती.

दुसरी गोष्ट 'गाव'. हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. टँकरचे आदेश 'गावे व वाड्या' अशा दोन रकान्यांत निघतात. आमच्याकडे वाड्या आणि तांडे भरपूर. महसुली गाव एक, त्याला दोन वाड्या आणि एक तांडा, आणि पाणी आटतं ते बहुतेक वेळा तांड्यावर, कारण तो माळावर वसलेला. एका आदेशात गावाला रोज तीन खेपा आणि तांड्याला दोन असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण माझ्या पत्राप्रमाणे त्याची एकच ओळ झाली असती: गावाचं नाव आणि पुढे पाच खेपा. अव्वल कारकून म्हणाले, "तुम्हीच गावांची माहिती मागितली. वाड्या कुठं म्हणलात?"

हे नुसतं शब्दांवरून भांडणं नव्हतं. टंचाईत माणशी रोज 20 लिटर धरतात. गावाची लोकसंख्या 1,800 धरा. 36 हजार लिटर लागतात, म्हणजे 12 हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. हिशोब जुळला. पण कागदावर पाच खेपा दिसल्या, की त्याच 1,800 लोकांना माणशी 33 लिटर मिळालं असं निघतं. म्हणजे गाव सुखी! प्रत्यक्षात दोन खेपा तांड्याच्या, आणि तो तांडा माझ्या यादीत अस्तित्वातच नाही.

तेव्हा तिथंच, नस्तीच्या मागच्या कोऱ्या पानावर, आम्ही ठरवलं की तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय. बाकीचे रकाने नंतर. एक ओळ म्हणजे एक आदेश धरावा, तर मुदतवाढीचे आदेश निघतात आणि एकाच ठिकाणाच्या तीन तीन ओळी होतात. एक ओळ म्हणजे एक टँकर धरावा, तर एकच टँकर तीन वाड्यांना फिरतो आणि प्रत्येक वाडीपुढे एक असं लिहिलं की बेरजेत तीन टँकर होतात. शेवटी ठरलं: एक ओळ म्हणजे एक ठिकाण, एका टंचाई हंगामात. ठिकाण म्हणजे गावठाण, वाडी किंवा तांडा. टँकरची संख्या हा रकानाच काढून टाकला. खेपा आणि टँकरची क्षमता पुरेशी होती.

तिसरी गोष्ट कळली ती मात्र लाज आणणारी. मला खेपा हव्या होत्या, पण कुठल्या? आदेशात असतात त्या मंजूर खेपा. गावात खरंच किती आल्या ते लॉगबुकात, गावातल्या लोकांच्या सह्यांनिशी. मी विचारलं, लॉगबुकं कुठायत? अव्वल कारकून हसले. "ती तुमच्याच पंचायत समितीत. बिलाला जोडलेली." म्हणजे जी माहिती मी तीन महिने दुसऱ्या विभागाकडे मागत होतो, तिच्यातला महत्त्वाचा अर्धा भाग आमच्याच घरात पडला होता.

त्यांनीच मग सांगितलं की बाकीच्या तहसीलमध्ये माझ्या पत्रावर काय चर्चा झाली. टँकर आणि पाच वर्षं हे दोन शब्द एकत्र दिसले, की कुणालाही लेखापरीक्षणाचा वास येतो. "हे पाण्याची माहिती मागायलेत का खेपांचा हिशोब काढायलेत, तेच कळंना. म्हणून सगळ्यांनी मोघम लिहून दिलं." उद्देश न लिहिल्याचा हा परिणाम मला कधीच सुचला नसता. मला वाटायचं, उद्देशाची ओळ ही पत्राची शोभा असते.

दुसरं पत्र 5 फेब्रुवारी 2024 ला गेलं. ते थेट तहसीलदारांना न पाठवता निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवलं. जिल्हा परिषद तहसीलदाराला हुकूम देऊ शकत नाही. 'सादर करावी' हे शब्दच चुकीचे होते. आमच्या साहेबांनी स्वतः ते खोडून 'उपलब्ध करून द्यावी, ही विनंती' केलं.

उद्देश तीन वाक्यांत लिहिला. कुठल्या ठिकाणी टँकर वारंवार लागतो हे काढून उद्भव बळकटीकरणाची यादी करायची आहे. माहिती फक्त त्या यादीसाठी वापरली जाईल. देयके, कंत्राटदार, वाहन क्रमांक, खर्च यांची माहिती नको आहे, कृपया पाठवू नये. ही शेवटची ओळ वाचून दोन तहसीलमधून फोन आले, नक्की नको ना म्हणून विचारायला. नक्की नको, म्हटलं.

कालावधी तारखा घालून दिला: 1 ऑक्टोबर 2018 ते 30 जून 2023, पाच टंचाई हंगाम, आणि त्यांची नावं 2018-19 पासून 2022-23 पर्यंत लिहून दिली. जुलैत मुदतवाढ मिळाली असेल तर ती मागच्याच हंगामात धरावी. चालू हंगाम घेऊ नये, असंही लिहिलं. 2023 चा पाऊस कमी झाला होता, टँकर सुरू होत होते, आणि कुणीतरी ते नक्की जोडलं असतं.

माहितीच्या बाबी आठच ठेवल्या. गावकोड, गावाचं नाव, वाडी किंवा तांड्याचं नाव, हंगाम, टँकर सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, रोजच्या मंजूर खेपा, टँकरची क्षमता लिटरमध्ये. पहिल्या दोन मी स्वतः भरून दिल्या. 2011 च्या जनगणनेचा सहा आकडी गावकोड आमच्याकडे होता. नावावर विसंबण्यात अर्थ नव्हता: एकाच तालुक्यात पिंपळगाव नावाची चार गावं, त्यांच्यात बु. आणि खु., कुणी बुद्रुक पूर्ण लिहितो, कुणी बु पुढे नुसते दोन दंड काढतो. कोड आपण भरून दिला की समोरच्याला टंकायचं काम उरत नाही, आणि जुन्या फॉन्टमधलं नाव वाचता आलं नाही तरी अडत नाही.

तारखेचा मात्र मी जास्तच विचार केला, कारण पहिल्या खेपेला आलेल्या एका एक्सेलने मला फसवलं होतं. त्या तालुक्यातले टँकर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेले दिसत होते, आणि गावातले लोक म्हणत होते मे महिन्यात. त्या कार्यालयातला संगणक अमेरिकी पद्धतीच्या तारखेवर लावलेला होता. बाबूंनी 4 मे म्हणून 04/05/2019 टंकलं, संगणकाने ते 5 एप्रिल धरलं. 25 मे टंकलं तेव्हा मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे त्याने ती तारीखच मानली नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवली. ओळखायची खूण डोळ्यांना दिसते: रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे. डावीकडच्या सगळ्या 12 तारखेनंतरच्या. ओळी जास्त असतील आणि तारखा E रकान्यात असतील, तर एखाद्या मोकळ्या रकान्यात दुसऱ्या ओळीवर हे सूत्र घालून खाली ओढावं:

```
=ISTEXT(E2)
```

जिथं TRUE येतं, ती तारीख नाही, मजकूर आहे. आणि अशा TRUE काही ओळींत आल्या तर उरलेल्या तारखांतही दिवस आणि महिना उलटले असण्याची दाट शंका धरायची. डावीकडच्या निदान दुरुस्त तरी करता येतात. उजवीकडच्या खऱ्या वाटतात, तोच धोका.

म्हणून नव्या नमुन्यात तारखेचे तीन तीन रकाने केले: दिवस, महिना, वर्ष. दिसायला बावळट दिसतं. आमच्या कनिष्ठ अभियंत्यांनी चेष्टाही केली. पण 4, 5, 2019 असे तीन आकडे कुठलाही संगणक उलटे करत नाही.

रिकाम्या जागेचा नियम हाताने भरलेल्या नमुना ओळींसह दिला. 2020 नंतरची दोन-तीन वर्षं पावसाची बरी गेली, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी टँकर लागलाच नव्हता. तिथं मंजूर खेपांच्या रकान्यात 0 लिहावा. नस्ती सापडत नसेल तर 'अभिलेख नाही' लिहावं. रकाना मोकळा सोडू नये, आणि 'निरंक' लिहू नये. निरंक हा शब्द मला आवडतो, आपल्या कार्यालयांचा तो जुना सोबती आहे, पण त्याचे दोन अर्थ होतात: झालं नाही, आणि माझ्याकडे नोंद नाही. माझ्या कामात या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. एका अर्थाने गाव यादीतून खाली जातं, दुसऱ्या अर्थाने तिथं जाऊन विचारावं लागतं.

मुदतीसाठी दोन तारखा दिल्या. 12 फेब्रुवारीपर्यंत फक्त पहिल्या दहा ओळी पाठवायच्या, मी बघून त्याच दिवशी फोन करणार. 23 फेब्रुवारीपर्यंत पूर्ण तक्ता. मार्चमध्ये आर्थिक वर्षअखेर आणि लोकसभा निवडणुकीची तयारी, तेव्हा महसूलच्या माणसाकडे मागण्यात काही राम नव्हता. उशीर झाल्यास काय होईल हेही एका ओळीत लिहिलं: त्या तालुक्याची गावं या वर्षीच्या यादीत बसणार नाहीत. धमकी म्हणून नाही, तसं खरंच होणार होतं. पत्राच्या शेवटी माझं नाव आणि मोबाइल नंबर दिला. फोन मलाच येऊ दे, टपालात घुटमळू नये.

दहा ओळींची युक्ती कामाला आली. नऊपैकी सात तालुक्यांच्या ओळी वेळेत आल्या आणि चौघांनी क्षमतेच्या रकान्यात 12 असं लिहिलं होतं, म्हणजे 12 हजार. दहा ओळींत ते फोनवर दोन मिनिटांत सुटलं. एकाने गावकोडाचा रकाना काढून अनुक्रमांक घातला होता, 'आकडे फार मोठे दिसत होते' म्हणून. त्याला तो कशाला लागतो ते सांगितलं, त्याने परत घातला. हीच चूक पूर्ण तक्त्यात आली असती, तर परत पाठवताना माझं मन झालं नसतं आणि त्यांचंही.

23 तारखेच्या संध्याकाळपर्यंत आठ तक्ते आले. नववा 27 ला. लॉगबुकांवरच्या प्रत्यक्ष खेपा मी पंचायत समित्यांकडून वेगळ्या मागवल्या, त्याच गावकोडावर, त्याच एका ओळीच्या व्याख्येवर, म्हणजे दोन्ही तक्ते शेजारी लावता येतील. ते काम अजून रडतखडत चालू होतं. आपल्याच घरातली माहिती दुसऱ्याच्या घरातल्या माहितीपेक्षा उशिरा आली, हे इथं नमूद करतो.

सगळे नमुन्यात, कोड जुळलेले, मोकळा रकाना एक नाही. मी खूश होऊन आठवा तक्ता बंद करणार, तेवढ्यात एक गोष्ट खटकली. त्या तालुक्यातल्या 2018-19 च्या प्रत्येक ठिकाणचा टँकर 30 जून 2019 ला बंद झालेला होता. गावठाण, वाडी, तांडा, सगळे एकाच दिवशी. जूनमध्ये पाऊस कुठं आधी पडतो, कुठं नंतर, आणि त्या सालात तर अनेक ठिकाणी जुलैतही पडला नव्हता. तिथल्या बाबूंना फोन केला. ते म्हणाले, आदेशात तीच तारीख आहे. आदेशाची मुदत 30 जूनला संपत होती, म्हणून त्यांनी ती लिहिली. प्रामाणिकपणे, माझ्या रकान्याच्या नावाप्रमाणेच. मी लिहिलं होतं 'बंद दिनांक', आणि आदेश त्या दिवशी बंद झाला होता, टँकर नाही.

बाकीच्या आठांनी काय धरलं होतं ते मग एकेकाला विचारत बसलो. पाच जणांनी खरोखर टँकर थांबल्याची तारीख दिली होती, तिघांनी मुदतवाढीच्या शेवटच्या आदेशाची. रकान्याचं नाव बदलून 'गावात शेवटची खेप झाली तो दिवस' केलं आणि त्या चौघांना फक्त तेवढे तीन रकाने पुन्हा भरायला पाठवले. निरंकवाल्या तहसीलमधल्या अव्वल कारकुनांचा तक्ता त्या पाचांत होता. त्यांच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्याची शेवटची खेप 21 ऑगस्ट 2019 ला झालेली होती.